दावा अडतो तो कागदांच्या सांध्यावर

‘आज घरी सोडतो’ असे डॉक्टर सकाळी दहा वाजता सांगतात आणि रुग्ण प्रत्यक्षात बाहेर पडतो तो दिवेलागणीला. शहरांतील रुग्णालयांत हा अनुभव नवा नाही. दोष अर्थातच विमा कंपनीवर जातो आणि पुष्कळदा तो खराही असतो. मात्र मधल्या तासांचा काही हिशेब रुग्णालयाच्या बिलिंग कक्षातही लागतो. तेथे कागद लावण्याचे काम अनेकदा रुग्णालय प्रशासनाचा अभ्यासक्रम करणाऱ्या प्रशिक्षणार्थीकडे असते. त्याच्या हातातील प्रत्येक कागद एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे त्याला उमगले नाही तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

उदाहरणादाखल पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला एक रुग्ण घेऊ. त्याची पाच लाखांची पॉलिसी साडेतीन वर्षे जुनी आहे. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आहे. त्याने घेतलेली खोली मात्र ८,००० रुपयांची आहे.

पहिला कागद म्हणजे कॅशलेस उपचारांसाठी पूर्वमंजुरी मागणारा अर्ज. नियामकाच्या प्रमाणित नमुन्यात तो ‘पार्ट सी’ म्हणून ओळखला जातो. आजार कोणता, तो प्रथम कधी जाणवला, उपचार कोणते आणि खर्चाचा अंदाज किती, हे विमा कंपनीला रुग्णावर उपचार होण्याआधी कळावे हा त्याचा हेतू. त्यातील वैद्यकीय भाग उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरावयाचा असतो. मधुमेह, रक्तदाब यांसारखे जुने आजार कधीपासून आहेत, हा त्यातील सर्वांत नाजूक रकाना होय. या अर्जावर मिळणारी पहिली मंजुरी अंदाजापुरती असते. संपूर्ण बिल फेडण्याची ती हमी नव्हे. मुक्काम वाढला किंवा उपचार बदलले, तर कारण देऊन वाढीव मंजुरी वेळीच मागावी लागते. ती मागणी शेवटच्या दिवसापर्यंत राहिली, की अंतिम बिल आणि मंजुरी यांतील अंतर घरी सोडण्याच्या वेळी एकदम समोर येते.

दुसरा कागद डिस्चार्ज समरीचा. रुग्ण का दाखल झाला, काय आढळले आणि काय केले, याची ही वैद्यकीय हकीकत. आपल्या रुग्णाला पाच महिन्यांपूर्वी मधुमेह आढळला. पूर्वमंजुरीच्या अर्जात तसेच लिहिले आहे. समरीत मात्र टंकलेखनाच्या चुकीने ‘पाच वर्षे’ झाले आहे. पॉलिसी साडेतीन वर्षांची असल्याने विमा कंपनीला ही माहिती दडवलेली वाटणे स्वाभाविक आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यानंतर, फसवणुकीचा अपवाद वगळता, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पण हा रुग्ण त्या टप्प्यावर अद्याप पोहोचलेला नाही. एका शब्दाने त्याचा संपूर्ण दावा चौकशीत अडकू शकतो.

येथे प्रशिक्षणार्थीची खरी परीक्षा असते. चूक ढळढळीत दिसत असली तरी ती स्वतः खोडून दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला नाही. मूळ केसपेपर आणि जुने तपासणी अहवाल डॉक्टरांसमोर ठेवून त्यांच्याकडूनच तारीख व स्वाक्षरीसह दुरुस्ती घेणे हाच मार्ग. आजार खरोखरच पाच वर्षांचा असेल आणि नातेवाईक ‘महिने’ लिहिण्याचा आग्रह धरीत असतील, तर त्याला नकारच द्यावा लागतो. पहिली गोष्ट दुरुस्ती आहे, दुसरी फसवणूक.

तिसरा कागद तपशीलवार बिलाचा. एकूण रक्कम रुग्णासाठी महत्त्वाची; विमा कंपनी मात्र ती रक्कम कोणत्या शीर्षाखाली मांडली आहे, हे पाहते. या रुग्णाचे तीन दिवसांचे बिल, कर बाजूला ठेवल्यास, असे आहे : खोलीभाडे २४,००० रुपये, शस्त्रक्रिया, भूल आणि शस्त्रक्रियागृह मिळून ८०,०००, औषधे व वापरून टाकावयाचे वैद्यकीय साहित्य २८,०००, तपासण्या १२,०००, आणि विम्यात न बसणाऱ्या वस्तू ४,०००. एकूण १,४८,००० रुपये.

खोली मर्यादेपेक्षा महाग असल्याने पॉलिसीतील प्रमाणशीर कपातीची अट लागू होते. पाच हजार भागिले आठ हजार, म्हणजे साडेबासष्ट टक्के. या प्रमाणात खोलीभाड्यापोटी १५,००० आणि शस्त्रक्रियेच्या शीर्षापोटी ५०,००० रुपये मिळतात. औषधे, वैद्यकीय साहित्य, शरीरात बसविलेली उपकरणे आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, असे नियामकाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे त्यांचे ४०,००० रुपये पूर्ण मिळतात. मंजुरी १,०५,००० रुपयांची, रुग्णाच्या खिशातून ४३,०००.

आता हेच बिल घाईत तयार झाले आणि औषधे व तपासण्यांचे ४०,००० रुपये ‘रुग्णालय शुल्क’ या एकाच ओळीत शस्त्रक्रियेसोबत गेले, असे समजा. विमा कंपनीसमोर १,२०,००० रुपयांचा एकच आकडा येतो आणि त्या सगळ्यावर कपात लागते. रुग्णाचे आणखी १५,००० रुपये जातात. उपचार तेच, दर तेच, एकूण बेरीजही तीच. फरक केवळ मांडणीचा. म्हणूनच औषधांच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल आणि उपकरणांवरील स्टिकर बिलाला जोडावयाचे असतात. आकारलेली वस्तू खरोखर वापरली गेली, याचा तो पुरावा होय.

रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत नसेल तर रुग्ण आधी पैसे भरतो आणि नंतर परतावा मागतो. तेथे दोन अर्ज लागतात. ‘पार्ट ए’ विमाधारकाचा : पॉलिसी, खर्च आणि बँक खाते यांची माहिती देणारा. ‘पार्ट बी’ रुग्णालयाचा : दाखल झाल्याची व सोडल्याची तारीख, निदान आणि केलेले उपचार यांवर शिक्कामोर्तब करणारा. दोन्हींतील नाव, तारखा आणि रकमा मूळ बिलाशी जुळल्या नाहीत, तर शंकापत्र ठरलेलेच. पाठवण्यापूर्वी हे कागद शेजारी ठेवून ओळीने वाचणे हा त्यावरील साधा उपाय.

नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस पूर्वमंजुरीच्या विनंतीवर एका तासात आणि अंतिम मंजुरीच्या विनंतीवर तीन तासांत निर्णय देणे विमा कंपनीवर बंधनकारक आहे. तीन तासांपुढील विलंबामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती कंपनीने सोसावयाची आहे. मात्र हे तीन तास सुरू होतात ते रुग्णालयाची विनंती कंपनीकडे पोहोचल्यावर. डॉक्टरांनी ‘आज घरी सोडतो’ म्हटल्यावर नव्हे. स्वाक्षरीविना समरी दुपारपर्यंत टेबलावर पडून राहिली, तर त्या वेळेचा जाब कोणतेही परिपत्रक विचारत नाही.

रुग्णाच्या हाती यात फारसे काही नसले, तरी अगदीच काही नाही असे नव्हे. खोली निवडण्यापूर्वी पॉलिसीतील भाड्याची मर्यादा पाहणे, डिस्चार्ज समरीतील जुन्या आजाराची ओळ स्वतः वाचणे आणि बिलाचा शीर्षवार तपशील मागणे, एवढे त्याला करता येते. ही तीन कामे रुग्णालयातून निघण्यापूर्वीच करावयाची आहेत. समरी डॉक्टरांच्या टेबलावर असताना केलेली दुरुस्ती काही मिनिटांची असते. दावा नाकारल्यावर तीच लोकपालापर्यंत जाणारी लढाई होते.