बीपच्या आधी कमी बोला

फोन न उचलणं हा गुन्हा नाही. अनोळखी नंबर कोणीच उचलत नाही, मीही उचलत नाही. माझी तक्रार त्यानंतर जे ऐकू येतं त्याबद्दल आहे. न्यू जर्सीतल्या एका दवाखान्याच्या फ्रंट डेस्कवर मी काम करते. दिवसातून वीस-पंचवीस तरी व्हॉइसमेल ग्रीटिंग्ज माझ्या कानावरून जातात. त्या अनुभवावरून सांगते, की बहुतेक माणसं हे ग्रीटिंग स्वतःसाठी रेकॉर्ड करतात. फोन करणारा त्यांच्या हिशेबातच नसतो.

आपल्या लोकांचं यात वेगळंच आहे. भारतात व्हॉइसमेल कधी रुजलाच नाही. तिथे मिस्ड कॉल हाच निरोप असतो. नंबर दिसला की समोरचा समजून घेतो आणि सवडीने उलट फोन करतो. त्यामुळे इकडे येणारा मराठी माणूस सिम घालतो, व्हॉट्सॅप चालू करतो आणि व्हॉइसमेलकडे ढुंकूनही बघत नाही. मग त्याच्या नावाने कंपनीची बाई बोलत राहते. ‘यू हॅव रीच्ड’ म्हणून ती दहा आकडे एकेक करून वाचते. नाव नाही, आवाज नाही. आपण नेमका कोणाला फोन लावला, हे फोन करणाऱ्याला कळत नाही.

‘त्याने काय बिघडतं?’ असं मला मंडळाच्या कार्यक्रमात अनेकांनी विचारलं आहे. काय बिघडतं ते सांगते. रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा १९९६चा कायदा इथे आहे, त्याला सगळे हिपा म्हणतात. निरोप ठेवायला तो मनाई करत नाही, पण निरोपात गरजेपेक्षा जास्त सांगू नये अशी त्याची अपेक्षा आहे. म्हणून आमच्या दवाखान्याचा नियम साधा आहे. ग्रीटिंगमध्ये रुग्णाचं नाव ऐकू आलं तर अपॉइंटमेंटची वेळ सांगायची. नुसते आकडे ऐकू आले तर ‘कृपया या नंबरवर फोन करा’ एवढंच म्हणून ठेवून द्यायचं. एका गृहस्थांना तज्ज्ञ डॉक्टरांची दुसऱ्या दिवशीची रिकामी झालेली वेळ द्यायची होती. ग्रीटिंगमध्ये आकडे होते. मी नियमाप्रमाणे कोरडा निरोप ठेवला. त्यांना तो तातडीचा वाटला नाही, आणि वाटावा असं त्यात काही नव्हतंही. त्यांचा फोन आला तोवर ती वेळ दुसऱ्याला गेली होती आणि पुढची तीन आठवड्यांनंतरची होती. ग्रीटिंगमध्ये दोन शब्दांचं नाव असतं तर हे टळलं असतं.

तेव्हा पहिला आग्रह: नाव सांगा, पूर्ण सांगा, स्वतःच्या आवाजात सांगा. कोणी त्रास देत असेल, पाळतीवर असेल, तर आकडेच ठेवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाकीच्यांनी ‘स्पॅमवाल्यांना नाव कळेल’ ही सबब सांगू नये. स्पॅमवाल्यांकडे तुमचं नाव कधीच पोचलेलं आहे.

आणि नाव सांगताना ते सावकाश सांगा. साध्या टेलिफोनची लाइन सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोचवते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांच्यातला फरक दाखवणारा वरचा भाग त्यात बराचसा गळून पडतो. आजकालचे मोबाइल एकमेकांशी जास्त स्वच्छ बोलतात, पण दवाखान्याच्या किंवा शाळेच्या जुन्या यंत्रणेवरून फोन आला की गाडी पुन्हा त्याच अरुंद पट्ट्यावर येते. त्यात आपण आपलं नाव जन्मभर घेत आल्यामुळे एका दमात गिळून टाकतो. ‘ज्ञानदा वैशंपायन’ हे पुण्यात अर्ध्या सेकंदात म्हटलं तरी कळतं, इथे कळत नाही. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये किंचित थांबा. त्याचं ‘जीना’ करू नका. आपलं नाव कसं उच्चारायचं हे न विचारता, न ओशाळता समोरच्याला शिकवण्याची ही एकच जागा आहे. मी कित्येक पेशंटांची नावं त्यांच्या ग्रीटिंगवरूनच शिकले आहे.

आता दुसरं टोक. ज्यांनी ग्रीटिंग रेकॉर्ड केलं आहे, ते थांबत नाहीत. माझी एक मैत्रीण घरून लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देते. एकच मोबाइल आहे. त्यावर गिऱ्हाइकं येतात, मुलाची शाळा येते, आमच्या दवाखान्यासारखी माणसं येतात आणि नाशिकची आत्याही येते. तिचं ग्रीटिंग असं होतं:

‘हाय! थँक यू सो मच फॉर कॉलिंग. यू हॅव रीच्ड द व्हॉइसमेल ऑफ’, मग नाव-आडनाव. ‘आय अ‍ॅम सॉरी, आय अ‍ॅम आयदर अवे फ्रॉम माय फोन ऑर ऑन द अदर लाइन अँड अनेबल टू टेक युअर कॉल राइट नाऊ. युअर कॉल इज व्हेरी इम्पॉर्टंट टू मी. प्लीज लीव्ह युअर नेम, युअर फोन नंबर अँड अ ब्रीफ मेसेज आफ्टर द टोन अँड आय विल गेट बॅक टू यू अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल. हॅव अ ग्रेट डे!’

चौऱ्याहत्तर शब्द, जवळजवळ अर्धा मिनिट. त्यानंतर काही कंपन्यांची बाई पुन्हा उगवते आणि बीपनंतर बोला, बोलून झालं की फोन ठेवा, वगैरे सांगते. डेव्हिड पोग या पत्रकाराने २००९ साली न्यूयॉर्क टाइम्समधून याच शेपटाविरुद्ध मोहीम उघडली होती. ते पंधराएक सेकंदांचं शेपूट नेहमी आपल्या हातात नसतं. म्हणून तर आपल्या हातात आहे तेवढं तरी छाटायला हवं.

मैत्रिणीने विरोध केला. ‘अगं, कमी बोललं तर उद्धट वाटेल.’ इथेच आमचं वाजलं. माझं म्हणणं असं, की सौजन्य शब्दांच्या संख्येत नसतं. दारात आलेल्या माणसाला आपण ‘या, बसा’ म्हणतो, आपण आत कुठल्या कामात होतो याचा पाढा वाचत नाही. ती फोनजवळ नाही हे फोन करणाऱ्याला कळलेलंच आहे, कारण तिने उचललेला नाही. ‘तुमचा फोन महत्त्वाचा आहे’ हे वाक्य ज्या कंपन्या आपल्याला चाळीस मिनिटं ताटकळत ठेवतात त्यांनी इतकं झिजवलं आहे, की ते ऐकताच माणूस चिडतो. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’ म्हणजे कधी, हे कोणालाच माहीत नसतं. त्यापेक्षा पाळता येईल अशी मुदत सांगणं जास्त सभ्यपणाचं आहे.

मग घर आणि काम यांचा प्रश्न. मैत्रिणीला व्यवसायाचं नाव घालायचं होतं. पण मग शाळेच्या नर्सला वाटणार, आपण कुठल्या तरी ऑफिसात फोन लावला. ‘अमुक फॅमिली’ म्हटलं, मुलाच्या आवाजात रेकॉर्ड केलं किंवा मागे गाणं लावलं, तर गिऱ्हाइकाला वाटणार, नंबर चुकला. दोन्हीकडे चालणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तिचं स्वतःचं पूर्ण नाव. शाळा त्याच नावाने ओळखते आणि गिऱ्हाइकही. ‘आम्ही भारतात गेलो आहोत, पंधरा तारखेला येऊ’ असलं काहीही त्यात नको. घर रिकामं असल्याची दवंडी अनोळखी माणसासाठी पिटू नये.

शेवटी जे उरलं ते असं:

‘नमस्कार, धिस इज’, मग नाव-आडनाव. ‘प्लीज लीव्ह युअर नेम, नंबर अँड व्हाय यू कॉल्ड. आय विल कॉल बॅक विदिन अ डे. मराठीत बोललात तरी चालेल. थँक यू.’

सत्तावीस शब्द, नाव सावकाश घेऊन बारा सेकंदांच्या आसपास. नंबर मुद्दाम मागितला आहे, कारण दवाखाने आणि शाळा यांचे फोन बऱ्याचदा मुख्य बोर्डाचा नंबर दाखवतात आणि उलट फोन केला की आपण एक्स्टेन्शनच्या जंगलात हरवतो. ‘ब्रीफ मेसेज’ऐवजी ‘कशासाठी फोन केला’ असं विचारलं की लोक खरोखर कारण सांगतात. एक दिवसाची मुदत फेब्रुवारी-मार्चच्या टॅक्सच्या गर्दीत तिला पाळता येत नाही, तेव्हा ती ‘टू डेज’ असं नवं रेकॉर्ड करते. मराठी वाक्याला जेमतेम दोन सेकंद लागतात. मंडळातले काही जण म्हणतात, पूर्ण ग्रीटिंग मराठीत हवं. मला ते पटत नाही. ज्यांना मराठी येत नाही अशा बहुसंख्यांना ताटकळत ठेवून भाषेची सेवा होत नाही. पण इंग्रजी ऐकताच फोन ठेवणाऱ्या आत्याला तेवढे चार शब्द पुरतात. आता ती निरोप ठेवते.

रेकॉर्डिंगचं तंत्र फार नाही, पण तेवढं करा. आयफोनवर Phone मध्ये Voicemail, मग Greeting, तिथे Custom निवडून Record दाबायचं, ऐकून बघायचं आणि Save करायचं. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर १ हे बटण दाबून धरलं की कंपनीची व्हॉइसमेल यंत्रणा लागते आणि ती पुढचं सांगते. बाथरूम आणि रिकामी खोली टाळा, आवाज घुमतो. गाडीतला ब्लूटूथही नको. कपड्यांच्या कपाटासमोर उभं राहून, स्पीकर बंद ठेवून, फोन नेहमीसारखा कानाला लावून बोला. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून सुरुवात करा, नाहीतर ‘नमस्कार’चा ‘न’ कापला जातो. बोलून झालं की लगेच थांबवा, नाहीतर मागची शांतता बीपच्या आधी वाजत राहते आणि लोक त्या शांततेतच बोलायला लागतात. निरोप मधूनच सुरू झालेले दिसले तर हेच घडतं आहे असं समजा.

आणि मग परीक्षा. ज्याला तुमचं नाव माहीत नाही अशा कोणाला तरी दुसऱ्या फोनवरून ते ऐकवा आणि नाव कागदावर लिहायला सांगा. स्पेलिंग चुकलं तरी चालेल, पण वाचून दाखवल्यावर ते तुमचं नाव वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर पुन्हा रेकॉर्ड करा. फोनची कंपनी बदलली तर हे सगळं पुन्हा करा, कारण ग्रीटिंग बहुधा कंपनीकडे साठवलेलं असतं, तुमच्याबरोबर येत नाही.

‘हल्ली कोण व्हॉइसमेल ठेवतं, टेक्स्ट करतात सगळे’ असं म्हणणाऱ्यांना एकच सांगते. माझ्या डेस्कवरच्या फोनवरून टेक्स्ट जात नाही. शाळेच्या नर्सच्या टेबलावरच्या फोनवरूनही जात नाही. ज्यांचा निरोप चुकला तर तुमचं खरोखर नुकसान होतं, ती माणसं अजून बीपची वाट बघत बसलेली असतात. त्यांना नाव सांगा, काय हवं ते विचारा आणि बोलू द्या.