म्युच्युअल फंड विकू नका, तारण ठेवा... पण हा हिशोब आधी करा

‘फंड विकू नका, त्यावर लोन घ्या, टॅक्स वाचेल’ असं सांगणारे खूप भेटतील. माझं मत थोडं वेगळं आहे. टॅक्स वाचतो म्हणून हे लोन घेऊ नका. परतफेडीचे पैसे कुठून आणि कोणत्या तारखेला येणार हे माहीत असेल, तरच घ्या.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक ताई शाळांचे गणवेश शिवून देतात. कापडवाल्याला आज दीड लाख द्यायचे आहेत, नाहीतर मशीन बंद. शाळेचं बिल मंजूर आहे, पण पैसे दीड महिन्याने येणार. ताईंकडे इक्विटी फंडात ६ लाख आहेत, तीन-चार वर्षांच्या एसआयपीतून जमलेले.

तारण ठेवलं तर काय होतं? लोन देणाऱ्या बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या ॲपवर पॅन टाकायचा, योजना निवडायच्या, कॅम्स किंवा केफिनटेककडून ओटीपी येतो आणि त्या युनिट्सवर ‘लियन’ लागतो. म्हणजे युनिट्स तुमच्याच नावावर राहतात, वाढतातही, फक्त विकता येत नाहीत. फोलिओतला मोबाईल नंबर जुना असेल तर गाडी ओटीपीलाच अडते, तेव्हा तो आजच तपासून ठेवा. आणि ईएलएसएसची तीन वर्षं पूर्ण झाली नसतील तर ती युनिट्स यात धरू नका.

इक्विटी फंडावर साधारण निम्म्या किमतीइतकी लिमिट मिळते. ती बहुतेक ओव्हरड्राफ्टसारखी असते, जेवढे वापराल तेवढ्यावरच व्याज. साडेदहा टक्के दर धरू. दीड लाखावर ४५ दिवसांचं व्याज होतं साधारण १,९४० रुपये. प्रोसेसिंग फी एक हजार धरली तर जीएसटीसकट १,१८०. एकूण खर्च ३,१०० च्या आसपास. म्हणजे एवढ्या छोट्या मुदतीत फी व्याजाच्या निम्म्याहून जास्त झाली! म्हणून नुसता व्याजदर विचारू नका, फी किती ते आधी विचारा.

आता विकलं तर? इथे लोक गडबडतात. विकताना सगळ्यात जुनी युनिट्स आधी जातात. ताईंची जुनी युनिट्स वर्षाच्या पुढची आहेत, त्यामुळे बहुतेक इक्विटी फंडांत एक्झिट लोड लागणार नाही. नफा एका आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या आत असेल तर टॅक्सही शून्य. म्हणजे ताईंच्या बाबतीत कागदावर विकणंच स्वस्त! वर्षाच्या आतली युनिट्स असतील तर मात्र नफ्यावर २० टक्के टॅक्स, वर बऱ्याच फंडांत १ टक्का एक्झिट लोड. तिथे लोन सरस ठरू शकतं.

मग मी ताईंना लोन का सुचवेन? कारण विकलेले पैसे परत फंडात जात नाहीत हो. शाळेचं बिल येतं, तोवर दुसरा खर्च उभा राहिलेला असतो. तीन हजार देऊन गुंतवणूक जागेवर राहत असेल तर मला तो सौदा पटतो. पण बिलाची तारीख पक्की असेल तरच.

खरी जोखीम बाजार पडण्याची. समजा ताईंनी ३ लाखांचीच युनिट्स तारण ठेवली आणि मिळालेली दीड लाखाची लिमिट पूर्ण उचलली. बाजार २० टक्के पडला. युनिट्स झाली २ लाख ४० हजारांची, लिमिट झाली १ लाख २० हजार. ३० हजार कमी पडले. मेसेज येतो: अमुक दिवसांत पैसे भरा किंवा आणखी युनिट्स तारण द्या. नाही जमलं तर ते तुमची युनिट्स विकू शकतात, तेही पडलेल्या भावात. आणि ३० हजारांची विकून भागत नाही, कारण विकल्यावर तारणही कमी होतं. हिशोब जुळायला ६० हजारांची विकावी लागतात.

म्हणून माझा आग्रह: सहाच्या सहा लाख तारण ठेवा, तीन लाखांची लिमिट घ्या आणि उचला फक्त दीड लाख. मग तारणाची किंमत निम्मी होईपर्यंत मेसेज येणार नाही. मात्र काही ठिकाणी फी लिमिटवर असते, ते बघून घ्या. आणि उरलेली लिमिट दिसते म्हणून नवं मशीन घ्यायला जाऊ नका! ओव्हरड्राफ्टला ईएमआय नसतो, दरमहा फक्त व्याज कापलं जातं, मुद्दल तसंच पडून राहतं. दीड महिन्याचं लोन दीड वर्ष चालतं ते असंच.

शाळेनेच पैसे लांबवले तर? एक तारीख आधीच कॅलेंडरवर लिहा, समजा ९० वा दिवस. तोवर बिल आलं नाही तर थोडे पैसे इकडून-तिकडून भरा, लियन काढून घ्या आणि लागतील तेवढी जुनी युनिट्स स्वतः विका. काही ठिकाणी लियन असतानाच विकून थेट लोन फेडायची सोय असते, ती आधीच विचारून ठेवा.

पैसे फेडल्यावर लियन आपोआप निघाला असं धरून चालू नका. विनंती टाका आणि पुढच्या स्टेटमेंटमध्ये त्या युनिट्ससमोर लियन दिसत नाही ना, ते डोळ्यांनी बघा.