चौदा पानांची दोन पाने

पदोन्नतीसाठी तयार केलेला बायोडेटा फेलोशिपच्या अर्जाला जसाच्या तसा जोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो केवळ लांब असतो म्हणून नव्हे. त्याची घडणच वेगळ्या प्रश्नाच्या उत्तरादाखल झालेली असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत एपीआय गुणांची पद्धत आणली आणि आम्हां महाविद्यालयीन प्राध्यापकांना मोजण्याची सवय लागली. अध्यापन, सहशालेय उपक्रम, संशोधन अशा तीन वर्गांत प्रत्येक कृतीला गुण होते. २०१८ च्या नियमावलीने ही पद्धत बदलली. पण बायोडेटाची ठेवण काही बदलली नाही. काय काय केले आणि किती केले, याची ती वही आहे. फेलोशिपची निवड समिती मात्र एकच गोष्ट विचारते : हा प्रकल्प या माणसाच्या हातून पूर्ण होईल, असे मानण्यास आधार काय?

भिवंडीतील आमच्या एका सहकाऱ्यांचे उदाहरण घेऊ. शिमल्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अडव्हान्स्ड स्टडीसाठी त्यांना अर्ज करायचा होता. विषय होता परिसरातील आगरी लग्नांत धवलारणी गातात ते धवले. बायोडेटा चौदा पानांचा. त्यात उजळणी वर्ग होते, एकतीस चर्चासत्रांतील उपस्थिती होती, परीक्षा विभागाची कामे, राष्ट्रीय सेवा योजना, नॅकच्या समित्या होत्या. पीएच.डी. ग्रामीण कादंबरीवर, लेख सतरा.

आम्ही एकत्र बसून प्रथम प्रकल्पाचे एक वाक्य कागदावर लिहिले आणि प्रत्येक नोंद त्या वाक्याशेजारी ठेवून पाहिली. चर्चासत्रांतील नुसती उपस्थिती गेली. निबंध वाचलेली तीनच सत्रे राहिली. समित्या सर्व गेल्या. चोवीस वर्षांचे अध्यापन एका ओळीत आले. पीएच.डी.चा विषय दूरचा असला तरी तो गाळता येत नाही. शीर्षक, विद्यापीठ आणि वर्ष एवढे ठेवले. सतरा लेखांतून सहा निवडले आणि वर ‘निवडक प्रकाशने, एकूण १७ पैकी ६’ असे लिहिले. ‘निवडक’ शब्द न लिहिता सहा लेख दिले तर वाचणाऱ्यास तेवढेच आहेत असे वाटते. आणि सतराही दिले तर कामाचे सहा त्यांत बुडतात. अर्ज इंग्रजीत असल्यामुळे प्रत्येक मराठी शीर्षक रोमन लिपीत देऊन पुढे त्याचा अर्थ लिहिला. ‘भाषा आणि जीवन’ किंवा ‘नवभारत’ ही नावे मराठी वाचकाला पुरेशी असतात; इतरांसाठी प्रकाशक संस्था आणि गाव जोडावे लागते. छापून न आलेल्या लेखापुढे ‘स्वीकृत’ की ‘विचारार्थ सादर’ हे नेमके लिहावे. दोहोंत फार अंतर आहे, आणि परीक्षक ते जाणतात.

खरी गंमत पुढेच झाली. विद्यापीठाच्या लघुसंशोधन प्रकल्पाची नोंद जुन्या बायोडेटात एका ओळीची होती : शीर्षक, रक्कम, ‘पूर्ण’. त्या प्रकल्पात त्यांनी धवलारणींच्या घरी जाऊन गाणी ध्वनिमुद्रित केली होती आणि त्यांचा बराचसा भाग उतरवूनही ठेवला होता. चौदा पानांत याचा उल्लेखच नव्हता, कारण त्यासाठी रकाना नव्हता. दिवाळी अंकातील धवल्यांवरचा लेखही याच कारणाने वगळलेला. शिमल्याच्या फेलोकडून अखेरीस एका ग्रंथाची अपेक्षा असते. त्या ग्रंथाची सामग्री जवळ आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता? म्हणून पहिल्याच पानावर ‘क्षेत्रीय सामग्री’ असे शीर्षक घालून किती तासांचे मुद्रण, कोणत्या गावांतील, त्यांपैकी किती उतरवलेले, हे तीन ओळींत दिले. दिवाळी अंकातील लेख सहांमध्ये आला. संक्षेप म्हणजे नुसते गाळणे, ही समजूत येथे चुकीची ठरते.

दोन पाने तयार झाल्यावर वरचे नाव आणि विषयाच्या ओळी झाकून ती इतिहासाच्या एका प्राध्यापकांना वाचायला दिली आणि ही व्यक्ती कशावर काम करते, असे विचारले. ते म्हणाले, “लोकसाहित्य, बहुधा.” ‘बहुधा’ खटकला. पाहिले तर सहांतले दोन लेख ग्रामीण कादंबरीवरचे होते. चांगले म्हणून मोह सुटला नव्हता. त्यांतला एक काढून आगरी बोलीवरचा छोटा लेख घेतला. दुसरा राहू दिला, कारण त्यात बोलीच्या लिप्यंतराची चर्चा होती.

एक आक्षेप आम्हांला महत्त्वाचा वाटतो. यंत्रमागाच्या या गावात घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलांना शिकवणे, हेच आमचे मुख्य काम. ते एका ओळीत कसे मावावे? मावत नाही. पण त्याची जागा बायोडेटात नसून प्रकल्पाच्या आराखड्यात आहे. आमच्या सहकाऱ्यांना धवलारणींच्या घरांत प्रवेश मिळाला तो त्यांच्या विद्यार्थिनींमुळे, कुणाची आजी, कुणाची मावशी गाणारी होती म्हणून. हे आराखड्यातील कार्यपद्धतीच्या परिच्छेदात लिहिले, तेव्हा ते अध्यापनाच्या वर्षसंख्येहून अधिक बोलले.

अर्थात संस्थेने स्वतःचा नमुना दिला असेल तर त्याच क्रमाने लिहावे. आणि चौदा पानांची प्रत फेकू नये. पुढच्या पदोन्नतीला तीच लागणार आहे.