विश्लेषण : दोन हजारांची महाग खोली, चाळीस हजारांचा फटका, विमा दाव्याची भाषा कुटुंबाला कधी कळणार?

खोपट एसटी स्थानकाच्या परिसरात, ठाण्यात किंवा पुढे कल्याण-डोंबिवलीत, खासगी रुग्णालयाच्या बिलिंग काऊंटरवरचे एक दृश्य नेहमीचे आहे. डिस्चार्ज मिळालेला असतो, रुग्ण कपडे बदलून बसलेला असतो आणि मुलगा किंवा सून हातातल्या इंग्रजी कागदाकडे पाहत विचारत असते, ‘कॅशलेस मंजूर झाले होते ना, मग हे पैसे कसले?’ उत्तर त्याच कागदात असते, पण ते घरातल्या कोणाला वाचता येत नाही. शब्दकोश उघडून शब्दाला शब्द लावला तरी ते कळत नाही.

पूर्वमंजुरी म्हणजे पूर्ण मंजुरी का नव्हे?

‘प्री-ऑथरायझेशन’चे मराठी ‘पूर्वमंजुरी’ असे होते आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. विमा कंपनी उपचारांच्या अंदाजे खर्चापैकी एका रकमेची हमी सुरुवातीला रुग्णालयाला देते. खरा हिशेब अंतिम बिल गेल्यावर होतो. विमा नियामक ‘इर्डाई’च्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार पहिला निर्णय विनंती मिळाल्यापासून एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. या दोन मंजुऱ्यांच्या रकमा वेगळ्या असू शकतात.

कॅशलेसच्या अर्जावर नातेवाईक सही करतो, त्या निवेदनाचा मराठीत अर्थ असा : वैद्यकीय नसलेला खर्च, या उपचाराशी संबंध नसलेला खर्च आणि मंजूर मर्यादेच्या वरचा खर्च मी भरेन, कंपनीवर देणे लागू झाले नाही, तर बिलही मीच चुकते करेन. दाखल करण्याच्या धांदलीत हे कोणी वाचून दाखवत नाही.

याच अर्जात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार ‘केव्हापासून’ असा रकाना असतो. घाबरलेला नातेवाईक ‘बरीच वर्षे झाली, दहा तरी असतील’ असे सांगतो आणि तेच लिहिले जाते. पॉलिसी अलीकडच्या काही वर्षांतली असेल, तर ‘आजार लपवून पॉलिसी घेतली’ असा वाद उभा राहू शकतो. नक्की वर्ष माहीत नसेल, तर अंदाज सांगू नये. पहिल्या निदानाचा कागद घरून मागवावा आणि भरलेला अर्ज वाचल्यावरच सही करावी.

कपात नेमकी कशी होते?

सर्वात मोठा फटका ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ म्हणजे प्रमाणशीर कपातीचा असतो. समजा, तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. कुटुंबाने ५,००० रुपयांची खोली घेतली आणि रुग्ण चार दिवस राहिला. बिल असे आले : खोलीभाडे २०,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ व ऑपरेशन थिएटर ८०,०००, औषधे ३०,०००, तपासण्या १०,०००, फाइल शुल्क, हातमोजे, डायपर वगैरे ५,०००. एकूण १,४५,००० रुपये.

घरच्यांचा हिशेब सोपा असतो. रोज दोन हजार जास्त, म्हणजे चार दिवसांचे आठ हजार आपण भरू. कंपनीचा हिशेब वेगळा असतो. पाच हजारांपैकी तीन हजार म्हणजे ६० टक्के. हेच प्रमाण डॉक्टरांच्या आणि थिएटरच्या शुल्कालाही लागते, कारण अनेक रुग्णालयांत खोलीचा वर्ग वाढला की हे दरही वाढतात. त्यामुळे खोलीचे १२,००० आणि शस्त्रक्रियेचे ४८,००० रुपयेच मंजूर होतात. महाग खोलीची किंमत आठ नव्हे, तर चाळीस हजार रुपये पडते. किरकोळ बाबींचे पाच हजार धरून घरच्यांना ४५,००० रुपये भरावे लागतात.

यात कंपनीलाही मर्यादा आहे. इर्डाईच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषधे, वापरून टाकायचे साहित्य, शरीरात बसवलेली उपकरणे आणि तपासण्या यांच्या खर्चाला हे प्रमाण लावता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या शुल्कालाही ते लागत नाही. ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत, तिथे अशी कपातच करता येत नाही. वरच्या उदाहरणात औषधे आणि तपासण्यांचे ४०,००० रुपये पूर्ण मिळायला हवेत. त्यावरही ६० टक्के लावले, तर कुटुंबाचे आणखी १६,००० रुपये जातात. पॉलिसीतल्या ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’चे भाषांतर नुसते ‘संबंधित वैद्यकीय खर्च’ केले, तर औषधेही त्यात आली असे कोणालाही वाटेल. भाषांतर शब्दशः बरोबर असूनही ते कुटुंबाचे नुकसान करते.

‘नॉन-पेएबल’ म्हणजे सगळे आपल्याच माथी का?

तसे नाही. इर्डाईच्या याद्यांत काही वस्तू, उदाहरणार्थ डायपर, हातमोजे, फोटोकॉपी, सामान्य पॉलिसीत बाहेर ठेवता येतात. त्यांचे पैसे कुटुंबाला द्यावे लागतात. पण फाइल उघडण्याचे शुल्क, डिस्चार्ज प्रक्रिया, हाऊसकीपिंग, रुग्णाच्या मनगटावरची पट्टी अशा बाबी खोलीभाड्यातच धरायच्या आहेत. त्या बिलात वेगळ्या आल्या, तर पैसे भरण्याआधी रुग्णालयाला विचारावे. मराठीत दोन्हींना ‘अदेय बाबी’ म्हटले की हा फरक दिसत नाही.

मग कुटुंबाने काय मागावे?

पॉलिसीच्या मुख्य अटींचे माहितीपत्रक, म्हणजे ‘कस्टमर इन्फर्मेशन शीट’, १ जानेवारी २०२४ पासून नव्या सोप्या नमुन्यात आले आहे. मागणी केल्यास ते कंपनीने स्थानिक भाषेत द्यायचे आहे. ते आजच मराठीत मागवून खोलीभाड्याची मर्यादा आणि प्रतीक्षा काळ यांच्या ओळींवर खूण करावी. दाखल होताना त्या मर्यादेतलीच खोली मागावी. ती रिकामी नसेल, तर तसे रुग्णालयाकडून लिहून घ्यावे. त्याने कपात टळेलच असे नाही, पण तक्रारीला आधार राहतो.

डिस्चार्जच्या वेळी तपशीलवार बिल आणि अंतिम मंजुरीचे पत्र शेजारी ठेवून प्रत्येक ओळीसमोर तीन रकाने करावेत : बिलाची रक्कम, मंजूर रक्कम, कपातीचे कारण. दावा पूर्ण किंवा अंशतः नाकारताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा हवाला देणे कंपनीला बंधनकारक आहे. तो पत्रात नसेल, तर लेखी मागावा. उत्तराने समाधान झाले नाही, तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि तिथेही दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते.

माहितीपत्रक मराठीत मागता येते. पण ज्या अर्जावर सही घेतली जाते आणि ज्या पत्राने हजारो रुपये कापले जातात, ते कागद कुटुंबाच्या हाती इंग्रजीतच पडतात. पॉलिसी विकताना एजंट घरी बसून मराठीत समजावतो. मग कपातीचे कारणही मराठीतच मिळायला हवे. कंपन्यांनी अंतिम मंजुरीच्या पत्रासोबत वरचे तीन रकाने मराठीत द्यावेत आणि रुग्णालयांनी खोली निवडण्याआधी विमा मर्यादा व कपातीचा परिणाम एका मराठी पानावर दाखवून मगच सही घ्यावी. तेवढे एक पान वेळेवर हाती पडले, तर चाळीस हजारांचा निर्णय काऊंटरवर कळण्याऐवजी तो कुटुंबाला स्वतः घेता येईल.