चहावाले, कॉफीवाले आणि मधला ओढा

आमच्या मित्रांच्या टोळक्यात गेली पंधरा वर्षं एक भांडण चालू आहे. ते मिटण्याची चिन्हं नाहीत आणि ते मिटावं असं कुणाला वाटतही नाही. भांडण चहा आणि कॉफीचं आहे. एका बाजूला मी आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका. दुसऱ्या बाजूला एक शाळामास्तर आणि त्याचा मेहुणा. आणखी दोघंजण आहेत, ते बिल कोण भरतो ते पाहून बाजू बदलतात. त्यांना आम्ही 'अपक्ष' म्हणतो.

रविवारी सकाळी भेटायचं कुठे, इथपासून लढाई सुरू होते. डेक्कनच्या गुडलकमध्ये बसलो तर तो चहावाल्यांचा किल्ला. 1935 सालापासूनचं इराणी हॉटेल, समोर बनमस्का, बनमस्क्यासोबत कॉफी मागणाऱ्याला आम्ही फितूर ठरवतो. फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीत गेलो तर मास्तरची छाती फुगते, कारण तिथली फिल्टर कॉफी त्याला स्वतःच्या घरची वाटते. शेवटी तह झाला : एक रविवार इकडे, एक रविवार तिकडे. वादात ज्याला उत्तर सुचणार नाही त्याने समोरच्याचं पेय मागवून सगळ्यांदेखत प्यायचं, ही शिक्षा. मी आजवर अशा बऱ्याच कॉफ्या प्यायलो आहे. मास्तरने माझ्याहून जास्त चहा प्यायला आहे, असं माझं म्हणणं आहे. तो ते मान्य करत नाही.

या भांडणात आम्ही एकमेकांना जे बोलतो ते बाहेरच्या माणसाने ऐकलं तर तो मध्ये पडायला येईल. "तुमची जमात सुधारणार नाही," असं मास्तर मला म्हणतो आणि मी हसतो. माझं आडनाव ठाऊक असलेला शेजारच्या टेबलावरचा माणूस मात्र एकदा दचकून वळून पाहत होता. मास्तर म्हणत होता ती जमात चहावाल्यांची होती.

त्या माणसाच्या दचकण्यावर मी नंतर बराच विचार केला. तेच वाक्य, तोच आवाज, एका अर्थाने गंमत आणि दुसऱ्या अर्थाने जखम. मग गंमत गंमत राहते ती कशाने?

आधी आमच्या दारूगोळ्याबद्दल सांगतो, कारण उत्तर त्यातच आहे. कॉफीवाल्यांचा आव असा की कॉफी हे संस्कारी घरांचं पेय आणि चहा टपरीचा. त्यावर माझं ठेवणीतलं अस्त्र म्हणजे बाबा बुडन. कॉफी आधी रुजली ती पंधराव्या शतकात येमेनच्या सूफींमध्ये. रात्रीच्या जिक्रमध्ये डोळा लागू नये म्हणून ते ती पीत. तिकडून सात बिया लपवून आणून त्या चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या त्या बाबा बुडन या सूफीने, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. "म्हणजे मास्तर, तू रोज सकाळी आमच्या पिराचा प्रसाद घेतोस," असं मी म्हणतो. मास्तरचं उत्तरही तयार असतं : "आणि तू पितोस तो इंग्रजांच्या मळ्यांतला. तुझ्यापेक्षा मीच बरा मुसलमान!" हा टोला इतका नेमका आहे की त्या दिवशी कॉफी मला प्यावी लागली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मी मुसलमान आणि चहावाला, मास्तर ब्राह्मण आणि कॉफीवाला. पण माझ्या बाजूचे काका माळी आहेत आणि मास्तरचा मेहुणा तर चहाच्या घराण्यातून फुटून गेलेला. म्हणजे चहा-कॉफीची रेघ आमच्यातल्या कुठल्याच खऱ्या रेघेवरून जात नाही, तिला आडवी छेदून जाते. म्हणून धर्माचा शब्दसुद्धा त्या टेबलावर हलका होतो. त्याच चिकमगळूरच्या डोंगरावरच्या दर्ग्यावरून, तो दर्गा की दत्तपीठ यावरून, हिंदू-मुसलमानांत वर्षानुवर्षं खरा वाद चालू आहे. तो विषय आम्ही कधी काढत नाही. कुणी नियम केलेला नाही, पण सात बियांपाशी आम्ही थांबतो.

पेय क्षुल्लक म्हणून भांडण क्षुल्लक, असं मात्र समजू नये. याच पुण्यात एका कप चहाने माणसं वाळीत पडायची वेळ आली होती. 14 ऑक्टोबर 1890 रोजी पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली नामवंत मंडळी गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. ख्रिस्ती यजमानांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात घेतला, कुणी बाजूला ठेवला. पुढे गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या पत्रात छापून आणली. गोपाळराव स्वतः चेष्टेखोर स्वभावाचे म्हणून प्रसिद्ध होते. त्यांना मौज वाटली असेल, पण गाव पेटलं. सनातनी मंडळी शंकराचार्यांकडे गेली, चौकशी बसली, ग्रामण्य झालं. टिळकांना काशीत घेतलेल्या प्रायश्चित्ताचा हवाला द्यावा लागला. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं तेव्हा सुधारकांनी त्यांनाच धारेवर धरलं.

पेय तेच, शहर तेच. फरक इतकाच की तेव्हा कप ओठांना लावला की जात जात होती, आणि जात गेली की पंगत, लग्नकार्य, भटजी सगळं जात होतं. मागे फिरण्याची वाट प्रायश्चित्तातून होती. पुढे रेल्वेच्या फलाटांवर हिंदू चहा वेगळा आणि मुसलमान चहा वेगळा विकला जात होता. आज मी हरलो की मास्तरची कॉफी पितो आणि पुढच्या रविवारी पुन्हा चहावाला होतो. बाजू बदलता येते आणि बदलल्याने काही बिघडत नाही. लुटुपुटीच्या वैराची पहिली अट हीच. जी बाजू जन्माने मिळाली आहे, जी सोडता येत नाही, जिच्यासाठी घर भाड्याने मिळत नाही, ती या खेळात उतरवता येत नाही.

दुसरी अट मला सातारा जिल्ह्यात सापडते. खंडाळा तालुक्यात लोणंदजवळ सुखेड आणि बोरी ही शेजारची दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका वाजतगाजत मधल्या ओढ्यावर येतात आणि आपापल्या काठावर उभ्या राहून हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हाच बोरीचा बार. ओढा ओलांडून कुणी पलीकडे जाऊ नये म्हणून मध्ये माणसं उभी असतात, पोलिसही असतात. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, मधला ओढा ठरलेला. बार संपला की शिव्या संपल्या. त्याच शिव्या आठवड्याने बाजारात दिल्या तर त्या बार नव्हेत, ती फौजदारी.

म्हणजे खोट्या भांडणालाही ओढा लागतो. आमचा ओढा म्हणजे ते टेबल आणि तो विषय.

तो एकदा ओलांडला गेला. भारत-पाकिस्तान सामन्याचा दिवस होता. चहा-कॉफीचं नेहमीचं चालू होतं. दोन अपक्षांपैकी एकजण हसत हसत मला म्हणाला, "आज हरलो तर तुझ्याकडून डबल चहा, तुला काय, तुझी मजाच आहे." त्याच्या मनात विष नव्हतं, हे मी आजही सांगेन. सूरही तोच, रोजचा. पण मला उत्तर सुचेना. आणि उत्तर न सुचणं हीच खूण होती. रोजच्या भांडणात मला कॉफीवाल्यांवर उलट टोला मारता येतो. इथे उलट काय मारू? त्याच्या देशप्रेमावर शंका घेऊ? तशी शंका त्याच्यावर कुणी घेतच नाही, मग तिचा विनोद कसा होणार? टोला एकाच दिशेने जाऊ शकत होता. मी हसलो, कारण न हसणाऱ्याला पुन्हा 'मस्करी कळत नाही' हे ऐकावं लागतं. पण ते हसू द्यावं लागलेलं होतं, आलेलं नव्हतं.

मास्तर गप्प होता. मग चमचा बशीवर आपटून म्हणाला, "याची मजा फक्त एकाच दिवशी असते, माझ्या कॉफीचं दूध नासतं त्या दिवशी." सगळे हसले, मीही हसलो, आणि या वेळी खरं हसलो. त्याने कुणाला झापलं नाही, भाषण दिलं नाही. भांडण उचलून परत ओढ्याच्या अलीकडे आणून ठेवलं. त्या अपक्ष मित्राने उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या रविवारी बिल त्याने भरलं, कारण न सांगता.

आमच्याकडे काही धर्मनिष्ठ मंडळी म्हणतील की थट्टाच नको, सूरह हुजुरातमध्ये एका गटाने दुसऱ्याची टर उडवू नये, वाईट नावांनी हाक मारू नये असं बजावलं आहे. बजावलं आहे, खरं आहे. पण तिथे मनाई आहे ती दुसऱ्याला हलकं लेखण्याला, असं मला समजतं. मास्तर मला 'चहाटळ' म्हणतो तेव्हा तो मला हलकं लेखत नाही, आणि हे मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक आहे. ही दुहेरी खात्री जिथे नाही तिथे 'चहाटळ' हा शब्दही शिवीच ठरेल. म्हणून नव्या ओळखीच्या माणसावर मी चहावरूनसुद्धा टोला मारत नाही. आधी दोन-चार कप एकत्र झाले पाहिजेत.

गेल्या रमजानात मगरिबच्या थोडं आधी मास्तर आमच्या घरी आला. एका हातात खजुरांचा पुडा, दुसऱ्या हातात थर्मास. थर्मासात कॉफी. "दिवसभर उपाशी आहेस, आज तुला वाद घालायची ताकद नाही," म्हणाला, "आज जिंकतोच." अजान झाली. मी खजूर खाल्ला, पाणी प्यायलो, आणि त्याची कॉफी प्यायलो. चांगली होती. हे मी इथे लिहितो आहे, कारण तो हे वाचणार आहे आणि पुढचे सहा महिने मला ऐकवणार आहे.