आजीचा आवाज, नातवाचं खातं

गूगलचा असिस्टंट मराठी बोलायला लागला तो २०१८च्या ऑगस्टमध्ये. त्याचा उपयोग दहिवडी, म्हसवड, आटपाडीच्या बाजूलाही झाला. टाइप करायचा कंटाळा असलेला कॉलेजचा पोरगा आणि अक्षरओळख नसलेली त्याची आजी, दोघांनाही फोनशी नुसतं बोलून पाऊस कधी येणार हे विचारता येऊ लागलं. पण बोलून चालणाऱ्या यंत्राला ऐकत बसावं लागतं. आणि ऐकत बसलेलं यंत्र कधीकधी न बोलावताही जागं होतं.

जागं झालं की पुढे काय होतं, हे जगाला २०१९च्या जुलैमध्ये नीट कळलं. बेल्जियममधल्या व्हीआरटी या वाहिनीच्या पत्रकारांना गूगल असिस्टंटची हजाराहून जास्त रेकॉर्डिंग ऐकायला मिळाली. यंत्राला भाषा नीट कळावी म्हणून गूगलनं कंत्राटी माणसं नेमली होती. ती रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढत. त्यांच्यातल्याच एकानं ही रेकॉर्डिंग दाखवली. त्यांतली १५३ अशी होती, की ती व्हायलाच नको होती. कुणी ‘ओके गूगल’ म्हटलंच नव्हतं. घरातली भांडणं, मुलांशी चाललेलं बोलणं, कामाचे फोन, सगळं त्यात होतं. काहींत पत्तेही ऐकू येत होते. पत्रकार त्या पत्त्यांवर गेले. वासमुन्स्टर गावातल्या एका जोडप्यानं तर रेकॉर्डिंगमधला आपल्या मुलाचा आणि नातवाचा आवाज लगेच ओळखला. माणसांकडून फक्त ०.२ टक्के रेकॉर्डिंग ऐकली जातात, हा गूगलचा खुलासा. ज्यांचा आवाज त्या ०.२ टक्क्यांत सापडला, त्यांना या टक्केवारीचा काय दिलासा?

आपल्याकडेही हा विषय संसदेपर्यंत गेला. २०२१च्या जूनमध्ये शशी थरूर अध्यक्ष असलेल्या संसदीय समितीपुढे गूगलच्या प्रतिनिधींनी अशी रेकॉर्डिंग कर्मचारी ऐकतात हे मान्य केल्याच्या बातम्या छापून आल्या. चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला.

यंत्र चुकतं कुठे? फोनमधला एक छोटा प्रोग्राम सतत काही सेकंदांचा आवाज तपासत असतो आणि ‘हे गूगल’सारखं काही सापडलं की दार उघडतो. मग पुढचा आवाज कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. हा दारवान कानानं कच्चा आहे. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या आणि माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये असिस्टंट चुकून जागे करणारे हजारावर शब्द आणि वाक्यांचे तुकडे शोधून काढले. ‘इलेक्शन’ म्हटलं की अलेक्सा उठायची, ‘ओके कूल’ला गूगल उठायचं. त्यांनी तपासल्या त्या भाषा इंग्रजी, जर्मन आणि चिनी. माणदेशी बोलीतल्या कोणत्या हाकेला फोन उठतो याची यादी ज्यानं त्यानं आपल्याच फोनमधून काढावी लागेल. सुदैवानं ती खात्याच्या नोंदींत आपोआप तयार झालेली असते.

दुसरं कारण आवाजाचं नाही, बोटाचं आहे. पुष्कळ अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण दाबून धरलं की असिस्टंट उघडतो. काही इअरफोनच्या बटणानंही तेच होतं. फोन पिशवीत किंवा कमरेच्या चंचीत असेल तर बटण दाबायला माणूसच लागतो असं नाही.

आता माणदेशातल्या घरात ही गोष्ट वेगळं वळण कशी घेते ते पाहू. माण, आटपाडी, खानापूर या भागातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यात आहेत. सोन्या-चांदीच्या गाळणीसाठी माणसं देशभरच्या सराफ पेठांत पांगलेली. समजा, असाच एक तरुण तमिळनाडूत भट्टीवर आहे. नवा फोन घेतल्यावर त्यानं जुना गावाकडे आजीला दिला. फोन पुसला नाही, खातं बदललं नाही. त्यात त्याचंच गूगल खातं राहिलं. आजी फोन वापरते आणि तिच्या बोलण्याची नोंद नातवाच्या खात्यात होते. असे फोन गावोगाव आहेत. कुठे खातं मोबाइलच्या दुकानदारानं काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड घरात कुणालाच माहीत नसतो. म्हणून नोंदी पुसण्याआधीचा पहिला प्रश्न हा, की खातं कुणाचं? फोनच्या सेटिंगमध्ये ‘गूगल’वर गेलं की वरच ईमेल दिसतो. तो घरातल्या कुणाचाच नसेल तर आधी ते खातं फोनवरून काढून स्वतःचं घालावं. नाहीतर आपण आपल्या खात्यातल्या नोंदी पुसत बसू आणि खरा साठा तिसऱ्याच खात्यात वाढत राहील.

आपल्या गोष्टीतल्या नातवानं myactivity.google.com उघडलं आणि गाळणी लावून फक्त Assistant निवडलं. नोंदी तारखेनं आणि वेळेनं लागतात. ज्या वेळी तो भट्टीपुढे होता, फोनला हात लावला नव्हता, त्या वेळेच्या नोंदी तिथे असतील तर त्या गावाकडच्या. ज्या नोंदीवर माइकचं चिन्ह आहे तिथे आवाज साठवलेला असतो आणि Details मध्ये जाऊन तो ऐकता येतो. कुठे ‘उद्या पाऊस पडंल का’ असा सरळ प्रश्न, तो आजीनं मुद्दाम विचारलेला. कुठे अर्धंमुर्धं, अर्थ न लागणारं वाक्य. कुठे शब्दच नाहीत.

इथे घाई करून सगळं पुसून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. या नोंदी हाच पुरावा आहे, आणि पुरावा पुसला की कारण सापडत नाही. बाजारच्या दिवशी दुपारी लागोपाठ नोंदी आहेत आणि आवाजात नुसती कापडाची खसखस आहे? मग पिशवीतलं बटण दाबलं जातंय. नोंदी रात्री मालिकेच्या वेळेला आहेत आणि मागे टीव्ही बोलतोय? मग दारवानाचा कान चुकतोय. पहिल्याला उपाय म्हणजे पॉवर बटण दाबून धरलं की असिस्टंट नको, फोन बंद करण्याचा मेनू यावा असं सेटिंग करणं. ते बहुधा Gestures या नावाखाली असतं, कंपनीगणिक जागा बदलते. दुसऱ्याला उपाय म्हणजे असिस्टंटच्या सेटिंगमधलं Hey Google बंद करणं. मग माइकचं बटण दाबून बोलायची सोय तेवढी राहते. आजीला तेवढी पुरते.

एक गोष्ट मात्र नातवानं आधी करायला हवी होती. आजीला विचारणं. त्या नोंदींत शेजारणीनं पतसंस्थेच्या कर्जाबद्दल सांगितलेलं काही असू शकतं, सुनेबद्दलचं काही असू शकतं. कंपनीनं ऐकलं म्हणून रागावणाऱ्या नातवानं तेच कानाला लावून ऐकणं, ही कुठली रीत? शक्य असेल तर सुटीत गावी आल्यावर आजीला शेजारी बसवून, तिच्यादेखत ऐकावं आणि तिच्यादेखत पुसावं. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनी या रेडिओवर बोलायला बसलेल्या बाईला समोर माइक दिसत असतो. फोनच्या बाबतीत तो दिसत नाही, एवढं तरी तिला कुणी सांगायला हवं.

पुसणं सोपं आहे. एकेक नोंद पुसता येते, ठरावीक तारखांमधल्या सगळ्या पुसता येतात. आपोआप पुसण्यासाठी ३, १८ किंवा ३६ महिन्यांची मुदत लावता येते. नव्या खात्यांना २०२० पासून १८ महिन्यांची मुदत आपोआप लागते. गावच्या फोनला ३ महिनेच बरे.

पण Web & App Activity मधल्या Include voice and audio activity या चौकटीबद्दल मोठा गैरसमज आहे. २०१९च्या गदारोळानंतर गूगलनं आवाज साठवण्यासाठी वापरणाऱ्याची नव्यानं संमती घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे पुष्कळ खात्यांत ही चौकट रिकामीच असते. ती रिकामी दिसली की माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात त्यानं फक्त ध्वनी साठवणं थांबतं. बोलण्याचा लिहून काढलेला मजकूर वेगळा राहतो आणि तो नोंदींत येतच राहतो. शिवाय खूण आज काढली तरी आधी साठलेली रेकॉर्डिंग आपोआप जात नाहीत, ती हातानंच पुसावी लागतात. पुसलेली नोंद पडद्यावरून लगेच जाते, पण गूगलच्याच धोरणानुसार सर्व्हरवरून पूर्ण जायला साधारण दोन महिने लागतात आणि राखीव प्रतींमध्ये ती सहा महिन्यांपर्यंत राहू शकते.

फोनवर असिस्टंटच्या जागी जेमिनी आलं असेल तर हिशेब आणखी बदलतो. त्याच्या नोंदी myactivity.google.com/product/gemini इथे वेगळ्या ठेवलेल्या असतात. नोंदी ठेवणं बंद केलं तरी बोलणं ७२ तासांपर्यंत राहतं. आणि माणसांनी तपासायला घेतलेलं बोलणं खात्यापासून तोडून तीन वर्षांपर्यंत ठेवलं जातं, मूळ नोंद पुसली तरी. म्हणजे तिथे पुसण्यापेक्षा आधी बंद करण्याला जास्त किंमत आहे.

अलेक्सा टीव्हीच्या रिमोटमधूनही घरात येते. तिच्या ॲपमध्ये Alexa Privacy आणि मग Review Voice History असं गेलं की नोंदी दिसतात. चुकून झालेल्या काही नोंदींवर तिथे Audio was not intended for Alexa असं लिहिलेलं असतं. आपल्यासाठी नव्हतं हे कळूनही ते ठेवून दिलेलं! पुसण्याबद्दलची तिची कीर्तीही चांगली नाही. मुलांची रेकॉर्डिंग साठवून ठेवली आणि पालकांनी सांगूनही सगळीकडून पुसली नाहीत, या आरोपाखालचा खटला मिटवताना ॲमेझॉननं २०२३ मध्ये अमेरिकी सरकारला अडीच कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. आयफोनवर तर एकेक रेकॉर्डिंग ऐकायची सोयच नाही. सिरीच्या सेटिंगमध्ये Siri & Dictation History मधून सगळं एकदम पुसता येतं, एवढंच.

भारतात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लिहिलेला आहे. त्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले, पण त्या अधिसूचनेप्रमाणे हा हक्क लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. दरम्यान गलाईवाल्या नातवानं दिवाळीला गावी आल्यावर आजीच्या फोनमधून आपलं खातं काढावं आणि तिचं तिला काढून द्यावं. पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवावा.