गिटारमधला ‘सा’ कोणाचा?

गिटार वाजवणाऱ्याच्या बोटांना जी पट्टी सोपी, तीत साऱ्या समूहाने गावे, ही आपल्याकडे रूढ होऊ पाहणारी रीत मला मुळीच पटत नाही. पट्टी गळ्यांनी ठरवावी आणि गिटारने तिच्यामागे यावे. त्यासाठी कॅपो नावाची एक लहानशी पकड पुरेशी आहे. ती गिटारच्या दांडीवर आवळली की सहाही तारा एकदम चढतात, बोटांची ठेवण मात्र तीच राहते.

आपल्या भंडारा जिल्ह्याला समूहगान नवे नाही. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने गावोगाव म्हटली जातात. झाडीपट्टीतल्या दंडारीलाही पाठीमागून धरणाऱ्यांची साथ लागते. पेटीवाला तिथे आधी विचारतो, “पट्टी कोणती?” हाच प्रश्न राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गिटारवाल्यानेही विचारला पाहिजे.

समजा, गाणे मध्य सा पासून तार सा पर्यंत जाते. पेटीवाला मुलांना मानवणारी काळी एक देतो. मुले गातात, मुली मात्र तार सा जवळ आल्या की एकतर आवाज चोरतात किंवा खालच्या सप्तकात उतरतात. मुली मध्येच गप्प झाल्या की पट्टी चुकली, हे ओळखावे. अशा वेळी तीन स्वर खाली, काळी पाचवर यावे. मुलांना खालचा सा जरा खोल लागेल, पण ओळ कोणाचीच तुटणार नाही.

आता काळी पाच गिटारवर कशी आणायची? कॅपो तिसऱ्या पडद्यावर लावा आणि जी कॉर्डचा आकार धरा. हाच आकार का, याचे कारण आपल्या कानांना ओळखीचे आहे. जी हा सा मानला, तर मोकळ्या तारा जाड्या तारेपासून अनुक्रमे ध, रे, प, सा, ग, ध अशा बोलतात. म्हणजे भूपाचे पाचही स्वर झाले! मध्यम आणि निषाद त्यांत नाहीत, म्हणून या सुरावटीच्या गाण्यात चुकून मोकळी तार वाजली तरी ती सहसा बोचत नाही.

यापुढे पडदे कॅपोपासून मोजावेत. सर्वांत बारीक तार ती पहिली. अनामिका दुसऱ्या तारेच्या आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवा. तिथे अनुक्रमे प आणि सा आहेत. म्हणजे तंबोराच लागला. ही दोन बोटे गाणे संपेपर्यंत उचलायची नाहीत. जी साठी मधले बोट सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवावे आणि त्याच्याच कडेने पाचवी तार मुकी करावी. खालचा गंधार समूहात गढूळ वाटतो. सी साठी मधले बोट पाचव्या तारेच्या तिसऱ्या आणि तर्जनी चौथीच्या दुसऱ्या पडद्यावर न्यावी. सहावी तार वाजवू नये. डी साठी चौथी तार मोकळी ठेवून तर्जनी तिसरीच्या दुसऱ्या पडद्यावर ठेवावी. पाचवी व सहावी सोडून द्याव्यात. एवढ्या तीन हालचालींत पुष्कळशी गाणी निभतात.

पुस्तकी वादक म्हणेल, ही सी आणि डी शुद्ध नाहीत, त्यांत परका स्वर मिसळला आहे. खरे आहे. पण आपली चाल एका सा भोवती फिरते. वर सा-प तसाच घुमत राहिला तर गाणाऱ्याला आधार मिळतो. दर शब्दाला कॉर्ड बदलण्याचा सोस मात्र टाळावा. ठेका खंजिरीकडे आहे. गिटारने समेवर भरून वाजावे, एवढे पुरे.

एक खबरदारी आवश्यक आहे. कॅपोच्या दाबाने तारा किंचित चढतात. म्हणून तो पडद्याच्या अगदी लगत, खुंट्यांच्या बाजूस लावावा आणि लावल्यानंतरच तारा जुळवाव्यात. पेटीची काळी पाच आणि गिटारची मोकळी तिसरी तार एकत्र वाजवून पाहा. आवाजात हेलकावे ऐकू आले तर तार सैल किंवा घट्ट करावी. पेटी तिथल्या तिथे जुळवता येत नाही, गिटार येते. तेव्हा झुकायचे गिटारनेच.

ही युक्ती सर्वत्र चालत नाही. कोमल गंधाराच्या चालीत मोकळी दुसरी तार शुद्ध गंधार बोलून रंग बिघडवते. तिथे कॅपो पहिल्या पडद्यावर लावून ए मायनरचा आकार घ्यावा. काळी पाचच मिळते आणि दुसऱ्या तारेवर कोमल गंधार बोटाखाली येतो.

तेव्हा येत्या शिबिरात गिटारवाल्या मित्रांनी आधी सर्वांत वरची ओळ मुलींकडून म्हणवून घ्यावी, आणि मगच कॅपो आवळावा.